तळखोलीची सही

वहीवाले: काय वाजलं?

आई: डब्याचं झाकण असेल. उंदीर फार झालेत.

वहीवाले: उंदीर म्हणतेस आणि हातातली सुई थांबत नाही तुझी. आमच्याकडे झाकण वाजलं की सगळं घर पलंगावर चढतं. असो. इतका वेळ गप्प होतीस, मला वाटलं वहीकडे बघतच नाहीस.

आई: वाचत होते, काका. कंदील बारीक, आणि तुमचं अक्षर त्याहून बारीक.

वहीवाले: अजून वीस मिनिटांत उजेड उतरेल. तेव्हा पुन्हा वाच आणि सही कर. पद्धतच आहे तशी. तळखोलीची सही तळखोलीच्याच उजेडात व्हायची, कंदिलात केलेली चालत नाही. माझ्या आजोबांनी घातलेला दंडक आहे. म्हणून तर सात मजले उतरून आलो, गुडघ्यांना न विचारता.

आई: पाणी देऊ?

वहीवाले: नको. तू फक्त हो म्हण. वरच्या सहा मजल्यांचे अंगठे, सह्या, सगळं झालंय. सभेत एकानंही तोंड उघडलं नाही. पाचव्या मजल्याच्या आजोबांनीसुद्धा, आणि ते तर जांभईलाही हरकत घेतात. तूच तेवढी आली नाहीस.

आई: हिला कुणाजवळ ठेवून येऊ? पाय टेकले की ओरडते. सात मजले कडेवर घेऊन चढायचं, आणि सभा संपेस्तोवर उजेडाची वेळ टळलेली.

भिंगरी: मी ओरडत नाही. मी फक्त सांगते, दुखतंय म्हणून.

आई: हो बाई. सांगतेस. चटईवरून उठू नकोस, पाय लांब ठेव.

वहीवाले: डॉक्टर काय म्हणाले मग?

आई: म्हणाले, हाडं मऊ राहिलीत. औषध दिलंय, पण औषधाइतकंच ऊन हवं. रोज एक तास, उघड्या पायांवर. मी म्हटलं, चाळीस मिनिटं मिळतात. तर चष्मा काढून म्हणाले, बाई, हाडांशी घासाघीस करता येत नाही.

वहीवाले: गल्लीत बसवून बघितलंस?

आई: गल्लीत कुठलं आलंय ऊन? दोन्हीकडे दरीचे कडे. भर दुपारीसुद्धा माणूस समोर येऊन खोकला की कळतं कोण ते. ऊन पडतं ते गच्चीवर. खाली जे येतं ते आरशातून, चौकाच्या पोकळीतून, पाचव्याचे कपडे वाळवत, तिसऱ्याच्या खिडक्या चाटत. मग आमच्याकडे.

वहीवाले: तेच तर. आता चाळीसची पन्नास होतील. तुझ्याच पदरात पडतंय, पोरी. मग पेन का उचलत नाहीस?

आई: मला एकदा नीट सांगा. सभेत काय झालं, आरसेवालीनं काय मागितलं, सगळं. वहीत तुम्ही चार ओळींत आटोपलंय.

वहीवाले: आरसेवाली उभी राहिली. शांतपणे बोलली, तिचं मला आवडतं. म्हणाली, तीस वर्षांपूर्वी या इमारतीत सगळ्यांची पाळी होती. प्रत्येक घरानं एकेक दिवस आरसा फिरवायचा, सगळ्यांना सारखं काम, सारखी गच्ची. आणि तळखोलीला किती उजेड मिळायचा, तर दहा मिनिटं. कारण सूर्य काही कुणाची पाळी बघून चालत नाही. नवशिक्याचा हात केसभर हलला की खाली पोचेपर्यंत उजेड भिंतीवर जाऊन आपटतो. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की एकाच माणसानं आरसा बघायचा. त्याला गच्चीवरची खोली, दिवसभराचं ऊन, पाणी वाहण्याच्या कामातून सुटका. तिला जास्त मिळालं, आणि तळखोलीला दहाची चाळीस झाली.

आई: आणि त्यावर तळखोलीनं सही केली.

वहीवाले: तुझ्या आधीच्या आजींनी. आनंदानं.

आई: मीसुद्धा केली असती. तिचं ऊन काढून घेऊन मला काय मिळणार होतं? अंधार सगळ्यांत सारखा वाटून काही कुणाच्या पोरीचे पाय सरळ होत नाहीत.

वहीवाले: मग आता ती म्हणते, अर्धी गच्ची भिंत घालून मला द्या, माझ्या बहिणीचं कुटुंब तिथे राहील. मी दुसरा आरसा लावते, बहीण तो धरील. तळखोलीला दहा मिनिटं आणखी. पुन्हा तेच झालं की नाही? तिला जास्त, तुलाही जास्त.

आई: काका, तो दुसरा आरसा माळ्यावर ताडपत्रीखाली पडलाय. आपल्या सगळ्यांचा.

वहीवाले: आहे.

आई: भिंतीवर बघा. इथे, कंदील धरते. या खडूच्या रेघा. जितकी मिनिटं उजेड तितकी लांब रेघ, दोन वर्षं रोज ओढतेय. ही सगळी चाळीस, एकेचाळीस, एकोणचाळीस. आणि ही लांब?

वहीवाले: ही… सत्तर?

आई: एक तास दहा मिनिटं. गेल्या उन्हाळ्यात आरसेवालीची बहीण पाहुणी आली होती, तेव्हा दोघींनी गंमत म्हणून दुसरा आरसा काढला. नऊ दिवस. भिंत नव्हती, अर्धी गच्ची नव्हती. नऊच्या नऊ दिवस सत्तर मिनिटं. हिनं नवव्या दिवशी भिंत धरून चार पावलं टाकली.

भिंगरी: पाच.

आई: पाच.

वहीवाले: त्या नऊ दिवसांत तिसऱ्या-चौथ्या मजल्याचा उजेड अर्ध्या तासानं कमी झाला होता. माझ्याकडे तक्रारी आहेत.

आई: त्यांना दोन तास मिळतात, त्यांचा दीड झाला. दीड तासातसुद्धा त्यांची पोरं धावतात. आपला नियम काय सांगतो? मी इथे राहायला आले तेव्हा तुम्हीच मला वाचून दाखवला होता, घसा खाकरून.

वहीवाले: कुणाला कमीजास्त द्यायचं असेल, तर सगळ्यांत खाली जो आहे त्याचं त्यानं भलं व्हायला हवं.

आई: अर्धाच सांगितलात.

वहीवाले: …दुसऱ्या कुठल्याही व्यवस्थेत होईल त्याहून जास्त भलं.

आई: हा. थोडंसं भलं झालं की पुरे, असं नाही लिहिलेलं. तसं असतं तर आरसेवालीनं मला एक मिनिट दिलं असतं आणि अख्खी गच्ची घेतली असती, तरी तुम्ही म्हणाला असता, पदरात पडतंय ना. कालच्याशी तुलना नाही करायची, काका. जे जे करता येण्यासारखं आहे, त्या सगळ्याशी करायची. तुमच्या पन्नासाशेजारी माझी ही सत्तराची रेघ उभी आहे.

वहीवाले: पण ती सत्तर करायला तयार नाही. सभेत स्पष्ट म्हणाली, गच्ची मिळाली तर हात चालेल, नाही तर आहे तेवढंच. मग सत्तर शक्य कुठे आहे? शक्य आहे ते पन्नास आणि चाळीस. त्यातलं मोठं निवड.

आई: तिला जमत नाही, की करायचं नाही?

वहीवाले: तुझ्या दृष्टीनं दोन्हीचा निकाल एकच ना.

आई: निकाल एक असेल. पण जमत नसेल तर मी मान खाली घालते. ढग आले तर मी ढगांशी भांडत नाही. ती ढग नाही, काका. त्याच सभेत बसून त्याच नियमाला ती दर वर्षी हात वर करते. आधी म्हणायचं, सगळ्यांत खालच्याचं बघूनच मी जास्त घेईन. मग त्याच खालच्याला म्हणायचं, मला जास्त दिलं नाहीस तर तुझं बघणार नाही. हे कसं काय जमतं एका तोंडाला?

वहीवाले: माणूस आहे ती. दिवसभर उन्हात उभी राहते, कातडं करपलंय. काही हौस असेल की नाही तिला?

आई: असावी. तिच्या डोळ्यांना काळी काच द्या, दुपारची विश्रांती द्या, चांगलं जेवण द्या. जे तिला हात स्थिर ठेवायला लागतं ते सगळं द्या, मी पहिली सही करते. भिंत कशाला लागते हात स्थिर ठेवायला?

वहीवाले: सुई चालवतेस तशीच जीभ चालवतेस.

आई: आणि ही चौथी ओळ. सगळ्यांत बारीक अक्षरात. ‘आरशाची विद्या यापुढे आरसेवालीच्या घरातच राहील.’

वहीवाले: ती तर नुसती रीत ठरवायची म्हणून.

आई: म्हणजे भिंगरी मोठी झाली, हात चांगला निघाला, तरी तिला गच्चीवर शिकायला जाता येणार नाही. त्या जागेचं ऊन तिच्यापेक्षा जास्त आहे, ते असू दे. पण त्या जागेची वाट सगळ्या पोरांना सारखी उघडी हवी. नियमात ते आधी लिहिलंय, उजेडाची वाटणी त्याच्यानंतर. वाट विकून मिनिटं घ्यायची नाहीत. दहा नाहीत, शंभरही नाहीत.

वहीवाले: बरं. ऐक. हे मी वहीत लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. आरसेवालीनं मला जिन्यात थांबवलं. म्हणाली, खालच्या पोरीचं मला ठाऊक आहे. तिच्या आईनं सही केली, तर पोरीला रोज एक तास गच्चीवर आणून बसवा. माझ्या खोलीच्या दारात. खुद्द ऊन, आरशातलं नाही.

आई: एक तास?

वहीवाले: मी स्वतः उचलून नेईन तिला. गुडघे गेले चुलीत.

भिंगरी: गच्चीवर पक्षी असतात?

वहीवाले: असतात तर. पारवे. हातातून खातात.

आई: कधीपासून?

वहीवाले: उद्यापासून. आज सही, उद्या गच्ची.

आई: पेन द्या जरा.

वहीवाले: हं. घे. उजेड आला की…

आई: नुसतं हातात धरते. मला माझाच हात बघायचाय. काका, इथे माझं नाव का नाही हो? ‘तळखोली’ एवढंच लिहिलंय.

वहीवाले: सही खोलीची असते. माणसं येतात-जातात. आज तू आहेस, उद्या दुसरी कुणी.

आई: म्हणजे मी सही केली की भिंगरी गच्चीवर जाईल, आणि माझ्यानंतर जी कुणी इथे पोर घेऊन येईल ती पन्नास मिनिटांत बसेल, भिंतीकडे बघत. आणि तिच्या पोरीला कुणी जिन्यात थांबून काही देणार नाही. गच्ची भिंगरीला मिळाली. तळखोलीला नाही मिळाली.

वहीवाले: तू आई आहेस. आईनं आपल्या पोरीचं बघायचं. त्यात कुणी तुला नावं ठेवणार नाही.

आई: कुणी ठेवणार नाही, हे खरंय. म्हणूनच तर पेन सोडवत नाहीये मला. रात्री हिच्या पायांना तेल लावते ना, तेव्हा हाड बोटाखाली वाकल्यासारखं वाटतं. ओल्या काडीसारखं. मी करीन सही, काका. मला माहितीये मी करीन. फक्त मला कुणी सांगू नका की ते न्यायाचं आहे.

वहीवाले: …पुन्हा वाजलं.

आई: हो.

वहीवाले: हे झाकण नाही.

भिंगरी: उंदीरपण नाही. खालचे आहेत.

आई: भिंगरे.

भिंगरी: खरंच आहेत. चटईखाली. रोज वाजवतात, उजेड यायच्या आधी.

वहीवाले: चटईखाली काय आहे?

आई: जाळी. लोखंडी, तुमच्या हाताच्या मनगटाएवढ्या गजांची. वीत-वीत अंतर. मी आले तेव्हा आधीच्या आजी चावी देताना एवढंच म्हणाल्या, उजेड यायच्या आधी चटई टाकायची, गेल्यावर काढायची. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, खालून वारा येतो, पोरीला बाधेल. मला पटलं. वारा येतोच.

वहीवाले: आणि आवाज?

आई: आधी वाटलं नळ. मग वाटलं, कड्याचा दगड तडकतोय. नंतर एकदा लक्षात आलं, मी चटई ओढली की वाजतं. ओढली नाही तर वाजत नाही. उजेड कधी यायचा ते त्यांना आणखी कशावरून कळणार? मी चटई घासत आणते, त्यावरून कळतं. म्हणजे त्यांचं घड्याळ मीच आहे, काका. मी झाकते तेव्हा त्यांना कळतं की आता वर सकाळ झाली.

वहीवाले: कुणाला सांगितलंस?

आई: कुणाला सांगू? सांगितलं की चटई काढावी लागेल. तुम्हाला माहीत होतं ना?

वहीवाले: नाही.

आई: कंदील तुमच्या तोंडावर आहे, काका.

वहीवाले: माहीत म्हणजे… आजोबा म्हातारपणी बडबडायचे. पहिली वही त्यांनी लिहिली. या इमारतीत कुणी राहायला यायच्या आधी सगळी घरं गल्लीत जमली. खोल्यांच्या चिठ्ठ्या एका मडक्यात घातल्या होत्या. आजोबा म्हणाले, थांबा, चिठ्ठी उचलायच्या आधी नियम लिहू. एकदा कळलं की मी वरचा, मग वरच्याच्याच सोयीचा नियम सुचेल. आत्ता प्रत्येकाला भीती आहे की तळखोली आपल्या नशिबी यायची, तर त्या भीतीतच लिहू. म्हणून तो नियम इतका चांगला आहे. मडक्यासमोर सगळे सारखे घाबरले होते.

आई: सगळे?

वहीवाले: चिठ्ठ्या सात मजल्यांच्या होत्या. जिना जिथे संपतो तिथपर्यंत आजोबांनी मोजलं. पाया खोदणारे मजूर तेव्हा खाली होते. पायाचं काम चालू होतं, पाणी लागलं होतं, ते उपसत होते. त्यांना वर बोलवायला कुणी गेलं नाही. आजोबा म्हणायचे, मला वाटलं काम झालं की ते जातील.

आई: गेले नाहीत?

वहीवाले: मला माहीत नाही. खरंच नाही. आजोबा शेवटी शेवटी जमिनीला कान लावून झोपायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारचळ.

आई: दरीच्या तळाला आहोत आपण. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या तळमजल्याला कमरेएवढी ओल चढलीय. शेजारच्या घरात तर भिंतीला हात लावला की ओंजळ भरते. आमची खोली कोरडी खडखडीत. माझ्या खडूच्या रेघा दोन वर्षांत पुसल्या नाहीत. तुम्हाला कधी विचित्र नाही वाटलं?

वहीवाले: आपलं बांधकाम चांगलं, असं वाटायचं.

आई: कुणीतरी अजून उपसतंय, काका.

भिंगरी: मी बोलते त्यांच्याशी. तू पाण्याला जातेस तेव्हा.

आई: काय बोलतेस?

भिंगरी: मी दोनदा वाजवते, ते दोनदा वाजवतात. मी विचारलं, तुम्ही किती आहात? मग ते वाजवत राहिले. मला वीसपर्यंतच येतं. वीसनंतर पुन्हा एकपासून मोजलं. मग पुन्हा. मग तू आलीस.

वहीवाले: चटई काढू नकोस, पोरी. आधी माझं ऐक. शांतपणे विचार कर. वहीत तळखोली म्हणजे ही खोली. तीस वर्षं हिच्यावरून मोजलं, सगळं या सहीवर उभं आहे. तू चटई काढलीस तर आरसेवालीचं ऊन, तिसऱ्याचे दोन तास, तुझी चाळीस मिनिटं, सगळं पुन्हा मांडायला लागेल. तेही जे कोण खाली आहेत त्यांच्या बाजूनं. तुझी सत्तराची रेघसुद्धा मग उपयोगाची नाही. ती तुझ्यासाठी सत्तर आहे. त्यांच्यासाठी शून्यच.

आई: हो.

वहीवाले: त्यापेक्षा असं बघ. तुला जास्त उजेड मिळाला, पोरीचे पाय सुधारले, की तुला उसंत होईल. मग तू त्यांच्यासाठी काही करशील. जाळीतून भाकरी सोडशील, दिवा सोडशील. तुझं भलं झालं तर त्यांचंही थोडं…

आई: थांबलात का?

वहीवाले: नाही. काही नाही.

आई: मगाशी हेच वाक्य तुम्ही मला वरून आणून दिलं होतंत. मी इतका वेळ त्याला नावं ठेवली. आणि खरं सांगू? आत्ता माझ्या दिशेनं आलं तर मला ते पटतंय. अगदी गोड लागतंय. काय करायचं या मनाचं?

वहीवाले: अगं, तू वाईट नाहीस.

आई: आरसेवाली तरी कुठे वाईट आहे? तीही पोरीला पारवे दाखवायला तयार आहे. तीसुद्धा चटईच टाकते. तिची चटई सात मजले जाड आहे, एवढंच.

वहीवाले: उतरतोय. बघ. चौथ्या मजल्याच्या खिडक्या पांढऱ्या झाल्या.

आई: रोज असा येतो ना, मी श्वास धरते. सगळी इमारत धरते. ऐका, पाचव्याची भांडी थांबली, सहाव्याचं बाळ गप्प झालं. कधी कधी मला वाटायचं, या शांततेला आणखी कुणीतरी धरून आहे. आमच्यापेक्षा जास्त माणसांची शांतता आहे ही.

वहीवाले: सही कर, किंवा नको करू. पण चटई राहू दे. फक्त आजचा दिवस. मी वर जाऊन सभा बोलावतो, रीतसर.

आई: कोणाच्या सहीनं बोलावाल? सगळ्यांत खालच्याची लागते ना.

वहीवाले: पोरी, मी म्हातारा माणूस आहे. मला हे बघवणार नाही.

आई: मग वर तोंड करून बसा. वही द्या इकडे. सही नाही करत. एक ओळ लिहिते, तुमच्यासारख्याच बारीक अक्षरात. ‘ही खोली सगळ्यांत खालची नाही. खालच्यांना विचारल्याशिवाय कुठलीही सही धरू नये.’ बरोबर लिहिलंय का बघा.

वहीवाले: …बरोबर आहे. आजोबांनी असंच लिहिलं असतं. त्या दिवशी खाली उतरले असते, तर.

आई: आरसेवालीला सांगा, तिचं ऊन मी काढायला सांगत नाहीये. उलट आता तिच्या हाताची जास्त गरज लागेल. जाळीचे गज वीतभर अंतरावर आहेत. त्यामधून उजेड आणखी खाली न्यायचा, तर दोन आरसे हवेत, आणि हात तिच्यासारखाच हवा. कदाचित तिला आत्ता मिळतं त्याहूनही जास्त द्यावं लागेल. देऊ. पण ते कशासाठी, हे तिला इथे उभं राहून ऐकावं लागेल.

वहीवाले: आणि हिचे पाय?

आई: ते मला विचारू नका. आत्ता नको. भिंगरे, जरा कडेला टेक. तिथेच, जाळीच्या काठाला. पाय उजेड पडतो तिथेच राहू देत. मी चटई ओढते.

(चटई ओढल्याचा आवाज. खालून काहीच वाजत नाही.)

वहीवाले: वाजवत का नाहीत?

आई: आज उजेड यायच्या आधीच चटई निघाली. या वेळेला हा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही.

वहीवाले: आला. पायाशी आला उजेड. काय दिसतंय? मी बघत नाही, तूच सांग.

आई: गजांच्या सावल्या. त्यांच्या खाली, खूप खाली, पाण्यावर काहीतरी हलतंय. डोकी आहेत. नाही, तोंडं. सगळी वर केलेली. डोळे मिटून घेतलेत त्यांनी. एकानं हात वर धरलाय, झाकायला. आता काढला.

वहीवाले: किती?

आई: मोजवत नाही मला. काठापर्यंत आहेत, आणि काठाला उजेड पोचत नाही.

भिंगरी: आई, तिथे एक मुलगी आहे. माझ्याएवढी. ती इकडे सरकतेय, मग तिकडे सरकतेय.

आई: का गं?

भिंगरी: माझ्या पायांची सावली पडतेय तिच्यावर. मी सरकू का?